छोट्या प्रायव्हेट कंपनीचा डायरेक्टर्स रिपोर्ट कसा लिहायचा: आमच्या बर्फाच्या कारखान्याच्या हिशोबासकट

आमची कंपनी छोटी आहे. बार्देशात बर्फाचा कारखाना, गिऱ्हाईक बहुतेक मालीम जेटीवरचे ट्रॉलरवाले. दादा आणि मी डायरेक्टर, काकांचे थोडे शेअर्स, संपली कंपनी. पहिली काही वर्षं डायरेक्टर्स रिपोर्ट म्हणजे काय तर एका ओळखीच्या माणसाच्या कंपनीची वर्ड फाइल घ्यायची, नाव आणि आकडे बदलायचे, सही करायची. 2025 च्या सुरुवातीला नव्या कॉम्प्रेसरसाठी कर्ज मागायला बँकेत गेलो तेव्हा तिथल्या ऑफिसरबाईंनी 2023-24 चा रिपोर्ट उघडला, एका वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि माझ्यापुढे सरकवला. वाक्य होतं, "कंपनीच्या अस्तित्वाला धोका ठरेल अशी कोणतीही जोखीम संचालक मंडळाला दिसत नाही." शेजारी बॅलन्सशीट उघडी होती आणि त्यात येणं बाकी 12 लाख, त्यातलं निम्म्याहून जास्त दोन माणसांकडे. त्या एवढंच म्हणाल्या, "हे दोन कागद एकाच कंपनीचे आहेत ना?"

त्यानंतर 2024-25 चा रिपोर्ट मी स्वतः बसून लिहिला. तो कसा लिहिला ते इथे क्रमाने देतोय. फायलिंगसाठी रिपोर्ट इंग्रजीत करतात, पण आधी मराठीत विचार करून लिहिला की काय सांगायचंय ते नीट सुचतं, म्हणून नमुने मराठीतच ठेवलेत. आकडे आमच्या कारखान्याचे आहेत, थोडे गोल करून.

1. आधी बघा, तुमची कंपनी "स्मॉल कंपनी" आहे का

हे पहिलं काम, कारण यावर रिपोर्टची लांबी ठरते. कंपनी कायदा 2013 च्या कलम 134 मध्ये बोर्डाच्या रिपोर्टची मोठी यादी आहे, पण स्मॉल कंपनीला आणि एकट्या माणसाच्या कंपनीला (ओपीसीला) कंपनीज अकाउंट्स रूल्स 2014 मधल्या नियम 8ए प्रमाणे छोटा रिपोर्ट चालतो. स्मॉल कंपनी म्हणजे भरणा झालेलं भांडवल आणि उलाढाल दोन्ही मर्यादेच्या आत हवं. सप्टेंबर 2022 पासून ही मर्यादा 4 कोटी आणि 40 कोटी होती, डिसेंबर 2025 पासून 10 कोटी आणि 100 कोटी झाली. पब्लिक कंपनी, दुसऱ्या कंपनीची होल्डिंग किंवा सबसिडरी, सेक्शन 8 वाली कंपनी यांना ही सवलत नाही, मग त्या कितीही छोट्या असोत.

आमचं भांडवल 20 लाख आणि विक्री 1 कोटी 12 लाख, म्हणजे प्रश्नच नव्हता. तरी आम्ही वर्षानुवर्षं स्वतंत्र संचालक, सीएसआर कमिटी, ऊर्जा बचत, परकीय चलन असले सगळे मथळे ठेवून प्रत्येकाखाली "लागू नाही" लिहीत होतो. दहा पानांचा रिपोर्ट, आणि त्यात कंपनीबद्दल धड सहा ओळी नाहीत!

नियम 8ए ला काय हवं ते साध्या भाषेत: वेबसाइट असेल तर वार्षिक रिटर्नची लिंक, वर्षात बोर्डाच्या मीटिंग किती झाल्या, डायरेक्टर्सचं जबाबदारीचं निवेदन, ऑडिटरने काही फ्रॉड कळवला असेल तर तो, ऑडिटरच्या प्रत्येक शेऱ्यावर बोर्डाचं उत्तर, कंपनीची एकूण परिस्थिती, आकड्यांचा सारांश, 31 मार्चनंतर झालेले मोठे बदल, डायरेक्टर आले-गेले ते, आणि कोर्टाचा किंवा सरकारी यंत्रणेचा कंपनीवर परिणाम करणारा आदेश. जोडीला नातेवाईकांशी झालेले व्यवहार फॉर्म एओसी-2 मध्ये.

डिव्हिडंड आणि जोखीम हे शब्द या यादीत वेगळे नाहीत, बरेच जण म्हणून ते गाळतात. पण डिव्हिडंडची शिफारस बोर्डानेच करायची असते आणि ती शेअरहोल्डरांपर्यंत पोचवायची जागा हीच. आणि कशामुळे आपण अडचणीत येऊ शकतो ते न सांगता "कंपनीची परिस्थिती" कशी सांगणार?

2. हे कागद टेबलावर घेऊन बसा

- ऑडिट झालेली बॅलन्सशीट, नफातोटा पत्रक, नोट्स
- ऑडिट रिपोर्ट, निदान पक्का मसुदा
- गेल्या वर्षीचा रिपोर्ट (फक्त आकडे जुळवायला, कॉपी करायला नाही)
- बोर्ड मीटिंगची मिनिट्स बुक
- 31 मार्चची येणेकऱ्यांची यादी, किती दिवसांची उधारी ते दाखवणारी
- बारा महिन्यांची विजेची बिलं किंवा तुमच्या धंद्यात जो सगळ्यात मोठा खर्च असेल त्याची
- डायरेक्टरांचे घरच्यांशी झालेले भाडेकरार, कर्जं, खरेदीविक्री
- आज बँकेत किती शिल्लक आहे तो आकडा

शेवटचा कागद कुठल्या नियमात नाही, पण डिव्हिडंडच्या परिच्छेदाला तोच लागतो.

3. वर्षाचं कामकाज: आकडा, कारण, परिणाम

"वर्षभरात कंपनीची कामगिरी समाधानकारक राहिली" हे वाक्य टाकू नका. त्याऐवजी दोन वर्षांचे तीन-चार आकडे शेजारी ठेवा आणि जो आकडा विचित्र दिसतोय त्याचं कारण लिहा.

आमचे आकडे असे होते. विक्री 1 कोटी 5 लाखांवरून 1 कोटी 12 लाख झाली. टॅक्स भरून राहिलेला नफा मात्र 11 लाख 20 हजारांवरून 9 लाख 40 हजारांवर आला. विक्री वाढली आणि नफा घटला, मग वाचणारा विचारणारच की पैसे गेले कुठे. बिलं काढून बसलो तर बरंचसं उत्तर तिथेच होतं, विजेचा खर्च 24 लाखांवरून 29 लाख झालेला. त्यातही काही भाग आमच्या जुन्या कॉम्प्रेसरचा, तो तेवढाच बर्फ काढायला जास्त वेळ चालत होता, ब्राइनच्या टाकीतले डबे आधी जेवढ्या वेळात गोठायचे त्यापेक्षा दोन-तीन तास उशिरा निघायचे हे कामगारांनी कधीचं सांगितलेलं, आम्हीच मनावर घेतलं नव्हतं.

रिपोर्टमध्ये हे असं गेलं:

"वर्षभरात सुमारे 5,100 टन बर्फाची विक्री झाली (मागील वर्षी 4,900 टन). विक्री 7 लाख रुपयांनी वाढली, परंतु विजेचा खर्च 5 लाख रुपयांनी आणि त्यासोबत इतर खर्चही वाढल्यामुळे निव्वळ नफा 1 लाख 80 हजार रुपयांनी कमी झाला. जुन्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता घटणे हे यामागील एक कारण असून तो बदलण्याचा निर्णय संचालक मंडळाने घेतला आहे."

चारच ओळी आहेत, पण वाचणाऱ्याला धंदा कळतो.

31 मार्चनंतर काही मोठं घडलं असेल तर तेही लिहा. आम्ही जूनमध्ये, मासेमारी बंद असताना, नवा कॉम्प्रेसर बसवला, त्याचं कर्ज मार्चच्या बॅलन्सशीटमध्ये दिसत नाही. ते सांगितलं नाही तर सप्टेंबरात रिपोर्ट वाचणाऱ्याला कंपनीवर कर्जच नाही असं वाटेल.

4. डिव्हिडंड: नफा किती, जुना तोटा किती, आणि हातात पैसे किती

यात घरातच वाद झाला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दादाचं म्हणणं होतं की 9 लाख 40 हजार नफा झालाय तर शेअरमागे 4 रुपये देऊ. आमचे 10 रुपयांचे 2 लाख शेअर्स, म्हणजे 8 लाख.

पहिली अडचण कायद्याची. कलम 123 प्रमाणे घसारा धरल्यावर राहिलेल्या नफ्यातून आधी मागच्या वर्षांचा तोटा वजा करायचा, मगच डिव्हिडंड. कोविडच्या दोन वर्षांत आम्हाला मोठा तोटा झाला होता, त्यातला 3 लाख 10 हजार अजून शिल्लक होता. 9 लाख 40 हजारातून तो काढला की उरतात 6 लाख 30 हजार. म्हणजे 8 लाख देताच येत नव्हते. हे बघायचं कुठे, तर बॅलन्सशीटच्या "रिझर्व्हज अँड सरप्लस" च्या नोटमध्ये. नफातोटा पत्रकाच्या शेवटच्या ओळीवर थांबलात तर फसाल.

दुसरी अडचण पैशांची. नफा 9 लाखांचा, पण येणं बाकी 14 लाख. म्हणजे नफ्यातला बराचसा भाग ट्रॉलरवाल्यांच्या वहीत अडकलेला. गोव्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्या 61 दिवसांत आमची विक्री जवळजवळ शून्य, पण पगार, विजेचा फिक्स्ड चार्ज, देखभाल धरून महिन्याला 1 लाख 60 हजार जातातच. मे महिन्यातली उधारी ऑगस्टात मासळी आल्यावर सुटते. 1 सप्टेंबरला बोर्ड बसलं तेव्हा बँकेत 4 लाख 10 हजार होते. शेवटी शेअरमागे 1 रुपया ठरला, एकूण 2 लाख.

"संचालक मंडळ प्रति शेअर 1 रुपया (10 टक्के) दराने एकूण 2,00,000 रुपये लाभांशाची शिफारस करत आहे. मागील तोटा वजा जाता उपलब्ध नफा 6,30,000 रुपये असला तरी येणे रक्कम आणि मासेमारी बंदीच्या काळातील खर्च लक्षात घेऊन उर्वरित नफा कंपनीतच ठेवण्यात येत आहे."

डिव्हिडंड द्यायचा नसेल तरी एका ओळीत कारण लिहा. आमच्या काकांसारखा बाहेर बसलेला शेअरहोल्डर असेल तर त्याला तेवढाच एक कागद मिळत असतो.

इथे नेहमी होणाऱ्या चुका:

बोर्ड फक्त शिफारस करतं, जाहीर करते ती एजीएम, म्हणजे शेअरहोल्डरांची वार्षिक सभा. "बोर्डाने डिव्हिडंड जाहीर केला" असं लिहू नका (अंतरिम डिव्हिडंडची गोष्ट वेगळी). कंपनीचे नियम टेबल एफ, म्हणजे कायद्यातल्या नमुना नियमांप्रमाणे असतील तर एजीएमला बोर्डाने सुचवलेली रक्कम कमी करता येते, वाढवता येत नाही.

जुन्या फाइलमध्ये "डिव्हिडंड डिस्ट्रिब्युशन टॅक्सची तरतूद" असं वाक्य असेल तर काढा. तो टॅक्स 1 एप्रिल 2020 पासून गेला, आता टॅक्स शेअरहोल्डर भरतो आणि कंपनी टीडीएस कापते. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला वर्षाला 10 हजारांवर गेलं तर 10 टक्के, पॅन दिलेला असेल तर. दादाचे आणि माझे 80-80 हजार शेअर्स, दोघांचे 8-8 हजार कापले. काका लिस्बनला असतात, त्यांचे 40 हजार शेअर्स. परदेशात राहणाऱ्याला ती 10 हजारांची सूट नाही आणि दरही वेगळा, दोन देशांतल्या टॅक्स करारातला कमी दर हवा तर तिथलं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट आधी मागवावं लागतं. गोव्यात घरटी कोणीतरी बाहेर आहे, म्हणून हे जुलैतच विचारून ठेवा.

आणखी एक खास आपल्या गोव्याचं. पोर्तुगीज सिव्हिल कोडप्रमाणे ज्या नवराबायकोची मिळकत सामाईक धरली जाते त्यांचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न आयकरात दोघांत निम्मंनिम्मं विभागलं जातं. डिव्हिडंडही त्यात येतो. कंपनी टीडीएस शेअर ज्याच्या नावावर आहे त्याच्या पॅनवर भरते, पण रिटर्न भरताना निम्मं उत्पन्न जोडीदाराकडे दाखवायचं असतं. हे रिपोर्टमध्ये लिहायची गरज नाही, आपल्या सीएच्या मात्र कानावर घाला.

5. जोखीम: तीनच लिहा, पण खऱ्या

आमच्या जुन्या फाइलमध्ये "बाजारातील स्पर्धा, आर्थिक मंदी, सरकारी धोरणातील बदल" असं होतं. हे चपलांच्या दुकानालाही चालेल. मी वेगळी पद्धत वापरली. दादाला विचारलं की वर्षभरात रात्री झोप कधी लागली नाही, आणि त्याने तीन गोष्टी सांगितल्या, त्याच लिहिल्या. प्रत्येकीला तीन वाक्यं: काय होऊ शकतं, झालं तर किती रुपयांचा फटका, आणि आपण काय केलंय.

पहिली, उधारी. 14 लाखांपैकी 9 लाख दोनच ट्रॉलर मालकांकडे. यातला एक जरी बसला तरी वर्षाचा निम्मा नफा जाऊ शकतो. आम्ही काय केलं, तर 45 दिवसांवर उधारी गेली की पुढच्या लाद्या रोखीने, हा नियम बोर्डात पास करून घेतला. नावं रिपोर्टमध्ये घालू नका, "दोन ग्राहक" एवढं पुरे, रिपोर्ट रजिस्ट्रारकडे गेला की कोणीही फी भरून बघू शकतो.

दुसरी, वीज. आपल्याकडचे दर जेईआरसी, म्हणजे संयुक्त वीज नियामक आयोग, ठरवतो. आमच्या दर शंभर रुपयांच्या विक्रीतले 26 रुपये विजेला जातात, दर 10 टक्क्यांनी वाढले तर 2 लाख 90 हजार जास्त. नव्या कॉम्प्रेसरमुळे वापर कमी होईल असा अंदाज आहे, पण तो पुढच्या वर्षीच्या आकड्यांत दिसेल, म्हणून रिपोर्टमध्ये आम्ही "कमी झाला" लिहिलं नाही, "अपेक्षा आहे" लिहिलं.

तिसरी, अमोनिया. गॅस गळला तर आधी माणसांचा जीव आणि नंतर कारखाना. व्हॉल्व्ह आणि पाइपची तपासणी कधी झाली, मास्क किती आहेत, विमा कशाचा आहे, हे लिहिलं. हे लिहिताना लक्षात आलं की आमचा विमा मशिनरीचा होता, गळती होऊन शेजाऱ्यांना काही झालं तर त्याचा नव्हता. तो त्याच आठवड्यात घेतला.

मासेमारी बंदी मी जोखमीत घातली नाही. ती दरवर्षी ठरलेल्या तारखांना येते, म्हणून ती कामकाजाच्या भागात गेली. जे नक्की होणार आहे त्याला जोखीम म्हणत नाहीत.

6. ऑडिटरचे शेरे आणि तारखांचा घोळ

आमची सगळ्यात मोठी चूक इथली. 2023-24 ला बोर्डाच्या रिपोर्टवर 28 ऑगस्ट तारीख आणि ऑडिट रिपोर्टवर 2 सप्टेंबर. आणि आमच्या रिपोर्टमध्ये छापलेलं, "ऑडिटरचा कोणताही शेरा नाही." जो रिपोर्ट अजून आलाच नव्हता त्यावर आम्ही मत देऊन मोकळे! वर त्यात शेरा होता. 1 एप्रिल 2023 पासून अकाउंटच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे कोणी कधी कुठली एंट्री बदलली याची नोंद, चालू असावी लागते आणि ऑडिटरला त्याबद्दल लिहावं लागतं. आमचं पहिले पाच महिने बंद होतं.

क्रम असा ठेवा: बोर्डाने हिशोब मंजूर करायचे, ऑडिटरने रिपोर्ट सही करून द्यायचा, मग बोर्डाने आपला रिपोर्ट मंजूर करायचा. एकाच दिवशी झालं तरी चालतं, उलटं नको. ही मंजुरी बोर्डाच्या मीटिंगमध्येच घ्यावी लागते, कागद घरोघर फिरवून नाही. शेरा असेल तर उत्तर सरळ द्या, "अमुक तारखेपासून सुविधा सुरू केली आहे" एवढं पुरतं.

जबाबदारीच्या निवेदनात अंतर्गत आर्थिक नियंत्रणाचा जो मुद्दा असतो तो फक्त लिस्टेड कंपनीसाठी आहे, कॉपी करताना तो येतोच, काढून टाका. आणि नातेवाईकांचे व्यवहार विसरू नका. आमचं मागचं गोदाम वहिनीच्या नावावर, महिना 8 हजार भाडं. घरातलंच आहे म्हणून आम्ही कधी धरलंच नव्हतं. डायरेक्टरची बायको म्हणजे रिलेटेड पार्टी, वर्षाचे 96 हजार एओसी-2 मध्ये गेले.

7. सही, नोटीस, फायलिंग

बोर्डाने अधिकार दिला असेल तर चेअरमनची एकट्याची सही चालते, नाहीतर दोन डायरेक्टरांची, मॅनेजिंग डायरेक्टर असेल तर त्यातली एक त्याची. प्रत्येक सहीखाली डीआयएन नंबर, ठिकाण आणि तारीख. कलम 134 मोडलं तर कंपनीला 3 लाख आणि जबाबदार डायरेक्टरला 50 हजार दंड आहे, स्मॉल कंपनीला निम्मा, तरी दीड लाख म्हणजे आमच्या डिव्हिडंडच्या पाऊण हिस्सा झाला.

एजीएम 30 सप्टेंबरच्या आत (कंपनीची पहिलीच असेल तर नऊ महिने मिळतात), आणि नोटीस 21 पूर्ण दिवस आधी, पाठवल्याचा आणि सभेचा दिवस सोडून. चवथ ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात येते, ऑडिटरचं ऑफिस आणि आपण सगळेच त्या आठवड्यात गावाला. 2025 ला चवथ 27 ऑगस्टला होती, आम्ही ऑडिट त्याआधी संपवून घेतलं, 1 सप्टेंबरला बोर्ड, 2 ला नोटीस, 27 ला एजीएम.

एजीएमनंतर 30 दिवसांत हिशोबाचा फॉर्म एओसी-4 आणि 60 दिवसांत वार्षिक रिटर्नचा फॉर्म एमजीटी-7ए. उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला दिवसाला 100 रुपये. जुलै 2025 पासून एओसी-4 सोबत बोर्डाच्या रिपोर्टमधली माहिती वेगळ्या फॉर्ममध्ये भरावी लागते, त्यामुळे मीटिंगची संख्या रिपोर्टमध्ये एक आणि मिनिट्स बुकात दुसरी असं असेल तर तिथे अडायला होतं.

डिव्हिडंड जाहीर झाल्यावर 5 दिवसांत पूर्ण रक्कम बँकेत वेगळ्या खात्यात टाकायची आणि 30 दिवसांत वाटायची. 27 सप्टेंबरपासून पाचवा दिवस 2 ऑक्टोबर, गांधी जयंती, बँक बंद. खातं आम्ही सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच उघडून ठेवलं होतं, पैसे 29 ला सोमवारी टाकले. काकांचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट लिस्बनहून यायला ऑक्टोबरची 20 तारीख उजाडली, 30 दिवस संपायला तेव्हा एकच आठवडा उरला होता.